उघड्या राहिलेल्या नळीचा इतिहास



ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात, दक्षिण इटलीतल्या क्रोटन या ग्रीक वसाहतीत अल्कमेऑन नावाचा एक विचारवंत राहत होता. त्याचे म्हणणे असे की, शेळ्या कानांनी श्वास घेतात. हे मत आपल्यापर्यंत पोचले ते ॲरिस्टॉटलच्या कृपेने. प्राण्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात त्याने ते नोंदवले, चूक आहे म्हणून एका वाक्यात निकालात काढले, आणि तो पुढे गेला. ग्रीक संस्कृतीचा धडा शिकविताना मीही वर्षानुवर्षे हेच करीत आलो. मुले हसत, मी हसे, आणि आम्ही पुढच्या पानाकडे वळत असू.

गेल्या वर्षी त्या वाक्यापाशी मी थांबलो, आणि मला हसू आले नाही. कारण त्या वेळी माझा स्वतःचा डावा कान श्वास घेत होता.

त्याचे असे झाले. पावसाळ्यात मला विषमज्वर झाला. आजार लांबला आणि सात आठवड्यांत वजन बहात्तर किलोवरून एकसष्टावर आले. ताप गेला, तोंडाला चव आली, आणि मी कॉलेजात रुजू झालो. पहिला तास सुरू करून दहा मिनिटे झाली असतील नसतील, तोच डाव्या कानात काहीतरी टक्‌ करून उघडल्यासारखे झाले, आणि माझाच आवाज माझ्यावर चालून आला. रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलावे तसा तो घुमत होता. ‘म’ आणि ‘न’ ही अक्षरे तर इतकी घणघणत की, मौर्य साम्राज्य हे दोन शब्द उच्चारताना मी दचकलो. मी बोलायचा थांबलो, तर दुसरेच ऐकू येऊ लागले. लोहाराच्या भात्यासारखा माझा श्वास, आत आणि बाहेर, आत आणि बाहेर. मुले मात्र नेहमीसारखीच बसली होती. त्यांना माझ्या आवाजात काहीच फरक वाटला नव्हता.

ज्याचा धंदाच बोलण्याचा, त्याची ही अवस्था काय वर्णावी! आपला आवाज मोठा होतो आहे असे वाटून मी हळू बोलू लागलो. मागच्या बाकांवरून ‘सर, ऐकू येत नाही’ अशी तक्रार आली. मोठ्याने बोललो तर आपल्याच कवटीत आपण ओरडतो आहोत असे वाटे. तिसऱ्या तासाला मी मुलांना वाचायला पुस्तक दिले आणि मुकाट्याने खुर्चीवर बसून राहिलो. पंधरा दिवस हेच चालले, आणि हा पेशा आपल्याला सोडावा लागतो की काय, या विचाराने रात्री झोप लागेना. एक गोष्ट मात्र विचित्र होती. दुपारी घरी येऊन आडवा झालो की सारे एकदम थांबे. पाठ टेकताच कान शांत, उठून चार पावले चाललो की पुन्हा भाता सुरू.

या विकाराला वैद्यकात ‘पेट्युलस युस्टेशियन ट्यूब’ म्हणतात. पेट्युलस हा लॅटिन शब्द. ऐसपैस उघडा, पसरलेला असा त्याचा अर्थ. घशाच्या वरच्या भागातून, नाकाच्या मागून, कानाच्या पडद्याआडच्या पोकळीपर्यंत एक नळी जाते. मोठ्या माणसात ती सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांब असते. ती सदा उघडी राहिली म्हणजे हा विकार होतो. रोग्याला वाटते कान बंद झाला. वास्तविक तो उघडा पडलेला असतो. हे उलटे प्रकरण समजायला वैद्यकाला फार काळ लागला, आणि तो का लागला हीच आजच्या भाषणाची गोष्ट आहे.

या नळीला ज्याचे नाव मिळाले तो बार्तोलोमेओ युस्टाकी हा सोळाव्या शतकात रोम येथे शरीररचनाशास्त्राचा अध्यापक होता. श्रवणेंद्रियांवर त्याने 1562 साली एक पत्रवजा प्रबंध लिहिला. तो 1564 मध्ये व्हेनिस येथे छापला गेला. त्यात नळीचे पहिले नीटस वर्णन आहे. पुढे 1704 साली बोलोन्याच्या वालसाल्वाने कानावर मोठा ग्रंथ लिहून तिला युस्टाकीचे नाव दिले. नाक दाबून, तोंड मिटून जोराने फुंकले की हवा कानात जाते, ही युक्तीही वालसाल्वाच्याच नावाने चालते. विमानातून उतरताना आपण तेच करतो. वालसाल्वाचा हेतू मात्र निराळा होता. कानातला पू त्या हवेने बाहेर पडावा, एवढेच त्याला हवे होते.

आता इथे एक मौज आहे. या सर्व मंडळींनी नळी पाहिली ती प्रेतात. सळई घातली तर ती आत जाते, मग नळी उघडीच असणार, असे गृहीत धरले गेले. ढोलाच्या अंगाला जसे एक भोक ठेवतात, तसे हे कानाच्या ढोलाचे भोक, अशी उपमाही प्रचलित झाली. उपमा एकदा बसली की उठत नाही, हे आम्हा इतिहासवाल्यांना चांगले ठाऊक आहे. भोक उघडे असणे हे आरोग्य, आणि बुजणे हा रोग! मग उपचार कोणते? अर्थातच उघडण्याचे. 1724 मध्ये व्हर्सायचा पोस्टमास्तर गुयो हा स्वतः बहिरेपणाने गांजलेला गृहस्थ. त्याने तोंडावाटे वाकडी नळी घालून स्वतःच्याच युस्टेशियन नळीत पाण्याची पिचकारी मारली आणि ती कृती पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली. 1741 मध्ये इंग्लंडच्या क्लेलंडने तीच वाट नाकातून काढली. शंभर वर्षे सारे कानवैद्य नळ्या फुंकण्यात आणि धुण्यात गढलेले होते. नळी जास्त उघडी राहूनही कोणी आजारी पडेल, ही कल्पना त्या चौकटीत बसणेच शक्य नव्हते.

ती चौकट मोडली लंडनच्या जोसेफ टॉयन्बीने. सेंट मेरी रुग्णालयात हा कानाचा शल्यवैद्य होता. त्याने मृतांचे कान पुष्कळ तपासले, आणि 1857 मध्ये रोगट कानांच्या आपल्या संग्रहाची सूची प्रसिद्ध केली. सांगावयास आनंद वाटतो की, ‘औद्योगिक क्रांती’ हा शब्दप्रयोग ज्याच्या व्याख्यानांनी रूढ झाला तो आर्नल्ड टॉयन्बी याचा मुलगा, आणि विसाव्या शतकातील थोर इतिहासकार आर्नल्ड टॉयन्बी याचा नातू. नातवाचे खंड मी कॉलेजात असल्यापासून वाचीत आलो. आजोबांची ओळख कानाने करून दिली.

1853 साली टॉयन्बीने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध ठेवला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: जिवंत माणसात ही नळी मिटलेली असते. टाळूचे स्नायू ती उघडतात, आणि ते प्रामुख्याने आपण गिळतो तेव्हा. याचा पुरावा त्याने इतका सोपा दिला की, आपणही तो आत्ता करून पाहू शकता. नाक चिमटीत घट्ट धरा, तोंड मिटा आणि आवंढा गिळा. दोन्ही कानांत दडपण आल्यासारखे वाटेल. आता नाक सोडून द्या, पण गिळू नका. दडपण जाणार नाही. मग पुन्हा एकदा, मोकळ्या नाकाने, आवंढा गिळा. दडपण तत्काळ नाहीसे होईल.

या साध्या कृतीत केवढा युक्तिवाद आहे पाहा. नळी जर सदैव उघडी असती, तर नाक सोडल्याबरोबर हवा आत शिरून दाब सारखा झाला असता. तो झाला नाही. दुसऱ्यांदा गिळल्यावरच झाला. म्हणजे दार मिटलेले आहे, आणि गिळताना क्षणभर किलकिले होते. अलीकडच्या मोजमापानुसार ते अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ उघडते. तेवढ्यात आतली हवा ताजी होते, दाब सारखा होतो, आणि दार पुन्हा मिटते.

दार मिटलेले का हवे, तेही यातूनच कळते. आपला आवाज घशात निर्माण होतो. तो ओठांतून बाहेर पडून, हवेतून फिरून कानाच्या पडद्यावर समोरून येतो. काही हाडांतूनही येतो. नळी उघडी राहिली तर तोच आवाज आतल्या आडवाटेने, थेट पडद्याच्या पाठीवर आदळणार. आणि श्वासाबरोबर घशातील हवेचा दाब कमीजास्त होतो, तोही पडद्याला ढकलणार आणि ओढणार. पडद्याची जाडी एक दशांश मिलिमीटरच्या आसपास. तो हलायला असे कितीसे लागते?

टॉयन्बीचा निबंध आला आणि अकरा वर्षांतच रोगाची पहिली खूण वैद्यकाच्या दप्तरी लागली. 1864 मध्ये जर्मनीतील हाले येथील श्वार्त्से याने एक पातळ, व्रण पडलेला कर्णपटल पाहिला. तो श्वासागणिक आतबाहेर होत होता. 1867 मध्ये इंग्लंडातील ट्रूरो गावच्या जेगो नावाच्या डॉक्टराने उघड्या नळीच्या लक्षणांचे वर्णन केले. त्यापूर्वी असे रोगी नव्हतेच काय? असणारच. परंतु ‘नळी मिटलेली असते’ हे ठाऊक नसेल तर ‘नळी उघडी राहिली’ ही तक्रार कोणत्या खान्यात टाकायची? त्यांची नोंद बहुधा कर्णनादात नाहीतर वेडात झाली असावी. हा माझा तर्क, पुरावा नव्हे.

टॉयन्बीचा अंत मात्र चटका लावणारा आहे. कर्णनादावर औषधी वाफांचा उपयोग होतो का, हे तो स्वतःवर अजमावीत होता. क्लोरोफॉर्म हुंगून, वालसाल्वाच्या रीतीने ती वाफ नळीतून कानात ढकलायची, असा तो प्रयोग. 1866 च्या जुलैत तो आपल्या खोलीत मृतावस्थेत सापडला. तोंडावर कापूस होता, जवळ प्रयोगाच्या टिपणांचे कागद होते. ज्या नळीचे दार त्याने जगाला दाखविले, त्याच दारावर धडका देताना तो गेला.

आता माझ्या कानाकडे परत येतो, कारण 1853 पूर्वीची समजूत अजून पुरती मेलेली नाही.

मी प्रथम ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांना मी सांगितले, ‘कान बंद झाल्यासारखा वाटतो, आवाज घुमतो.’ माझी चूक इथेच झाली. बंद हा शब्द मी वापरला आणि पुढचे सारे त्या शब्दाने ठरविले. त्यांनी मळ पाहिला, तो नव्हता. सर्दीने नळी चोंदली असेल म्हणाले. नाक मोकळे करणारे थेंब दिले, दिवसातून तीनदा; आणि नाक दाबून फुंकायला सांगितले. पाच दिवस मी ते इमाने इतबारे केले. आधी दिवसाचे चार तास होणारा त्रास सकाळपासून संध्याकाळपर्यंत होऊ लागला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. शंभरांतील बहुतेक रोग्यांना त्या थेंबांनी बरेच वाटले असते. ते थेंब नाकातील अस्तराची सूज उतरवितात, अस्तर आकसते. माझ्या नळीत मिटण्यापुरतेसुद्धा मांस उरले नव्हते, तिथे असलेलेही आकसले.

मग एका वयस्क डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी कानात पाहण्याआधी तीन प्रश्न विचारले. ‘सर, स्वतःचा श्वास ऐकू येतो का? आडवे झालात की काय होतं? आणि अलीकडे वजन किती उतरलं?’ तिन्हींची उत्तरे ऐकून त्या म्हणाल्या, ‘आता झोपू नका, बसूनच राहा. झोपवून तपासलं तर तुमचा रोग पळून जाईल.’ उजवी नाकपुडी बोटाने दाबून डावीने दीर्घ श्वास घ्यायला सांगितला, आणि दुर्बिणीतून पडदा पाहू लागल्या. श्वास आत घेतला की पडदा आत ओढला जाई, सोडला की बाहेर फुगे. त्यांनी मला पडद्यावर ते चित्र दाखविले. वाऱ्यावरच्या शिडासारखा तो हलत होता. अल्कमेऑनची शेळी मला तेव्हा आठवली.

बाईंनी आणखी एक खातरजमा केली. मला मान खाली घालून डोके गुडघ्यांपर्यंत न्यायला लावले आणि त्याच अवस्थेत बोलायला सांगितले. आवाज शांत झाला. असे होते, कारण डोके खाली गेले की नळीभोवतीच्या शिरांत रक्त भरते, अस्तर किंचित फुगते आणि फट मिटते. श्रवणाची चाचणी घेतली, ती चांगली निघाली. ही चाचणी कशासाठी, असे मी विचारले तेव्हा त्यांनी एका सोंगाड्या रोगाची माहिती दिली. अंतर्कर्णातील एका अर्धवर्तुळाकार नलिकेवरच्या हाडाला भोक पडले तरी रोग्याला आपला आवाज मोठ्याने ऐकू येतो. हा विकार अमेरिकेतील मायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली प्रथम नोंदला. पण त्यात श्वास सहसा ऐकू येत नाही, आडवे झाल्याने सुटका होत नाही. उलट डोळे फिरवले तर डोळ्यांचा आवाज ऐकू येतो, मोठ्या आवाजाने भोवळ येते. तिथे औषध निराळे, म्हणून आधी ओळख पटवायची.

वजनाचा प्रश्न त्यांनी का विचारला, याचे उत्तर पुन्हा इतिहासात आहे. 1893 मध्ये ऑस्टमान या जर्मन वैद्याने दाखविले की, नळीच्या बाहेरच्या भिंतीला लागून चरबीची एक छोटी गादी असते. ती नळीला बाजूने दाबून धरते. माणूस झपाट्याने रोडावला की पोट आणि गाल आटतात तशी ही गादीही आटते, आणि नळीची भिंत मागे सरकते. कडक आहारनियम, लांबलेला ज्वर, पोटाचे ऑपरेशन, क्षय, काही असो. गरोदर स्त्रियांतही हा त्रास दिसतो. तिथे संप्रेरकांचा वाटा मानतात, आणि बाळंतपणानंतर तो बहुधा आपोआप निघून जातो. नाकाघशाच्या मागच्या भागावर किरणोपचार झालेल्यांत, टाळूचे स्नायू दुबळे झालेल्यांतही तो होतो. पुष्कळांत मात्र शोधूनही कारण सापडत नाही. अशांना ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे ऐकून घ्यावे लागते, आणि ते दिवसभर आपल्या श्वासाची सोबत करीत बसतात.

उपचारांचा इतिहास वाचला तेव्हा, आपण आज जन्मलो हे बरे, असे मला वाटले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी म्युनिकच्या बेझोल्डने बोरिक आणि सॅलिसिलिक आम्लांची पूड नळीच्या तोंडाशी फुंकली. हेतू असा की अस्तर चिडावे, सुजावे आणि फट भरावी. दुसऱ्यांनी चांदीच्या क्षाराने डागून पाहिले. काही दिवस बरे वाटे, सूज उतरली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग कायमचे भरण घालावे असे ठरले. 1967 मध्ये अमेरिकेतील प्युलेक याने टेफ्लॉनची खळ नळीच्या तोंडाजवळ टोचण्याची रीत प्रसिद्ध केली. गुण चांगला येई. परंतु नळीच्या अगदी शेजारून मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी जाते. सुई चुकून तिच्यात गेली आणि खळ मेंदूत पोचली, अशा प्राणघातक दुर्घटना घडल्या, आणि ती रीत मागे पडली. एका त्रासदायक, पण जिवाला धोका नसलेल्या रोगासाठी ही किंमत कोणी मोजावी? तेव्हापासून या विकारात शहाणे वैद्य पायरीपायरीने चढतात.

माझ्या पायऱ्या खालच्याच होत्या. डॉक्टरीणबाईंनी आधी नाकाचे थेंब बंद करविले, फुंकणेही बंद करविले. दुसरी गोष्ट पाण्याची. शरीर कोरडे पडले की अस्तर कोरडे पडते, नळीच्या ओल्या भिंती एकमेकींना चिकटायच्या त्या चिकटत नाहीत. तासाआधी आणि मधे पाणी प्यायचे, पाठोपाठ चहाचे कप कमी करायचे. तिसरे, साध्या निर्जंतुक मिठाच्या पाण्याचे थेंब. यात कृती महत्त्वाची आहे. नाकात नुसते टाकले तर ते घशात उतरतात. डोके मागे टेकवायचे, दुखऱ्या बाजूकडे वळवायचे, त्याच बाजूच्या नाकपुडीत थेंब सोडायचे, आणि ते नळीच्या तोंडाशी पोचेपर्यंत तसेच थांबायचे. ही पद्धत जपानात विशेष वापरतात. मला अर्धा ते पाऊण तास शांतता मिळे. म्हणजे एक तास निभावून जाई. आणि चौथे, गेलेले वजन हळूहळू परत आणायचे. हळूहळू यावर त्यांचा जोर होता. तुपाचे डबे रिते करून मधुमेह ओढवून घेणारेही त्यांनी पाहिले होते.

एका सवयीबद्दल मात्र त्यांनी मला चांगलेच खडसावले. त्रास सुरू झाला की मी नाकाने जोरात सुरका मारीत असे. त्याने नळीतील हवा ओढली जाते, भिंती चिकटतात, आवाज थांबतो. मला वाटे, आपण मोठा शोध लावला. पण त्याने पडद्यामागची हवाही ओढली जाते आणि पडदा आत खेचला जातो. वर्षानुवर्षे असे केले तर पडद्याचा कोपरा आत खोलगट होतो, त्यात कातडीचे पापुद्रे साठतात आणि हाड खाणारी गाठ होऊ शकते. स्वीडनच्या मॅग्नुसनने 1980 च्या आगेमागे हे दाखवून दिले. सुरका मारणाऱ्या रोग्याचा आत ओढलेला पडदा पाहून डॉक्टरही पुष्कळदा फसतो. त्याला वाटते नळी बंदच आहे, आणि खरा रोग दडून राहतो.

खालच्या पायऱ्यांनी भागले नाही तर वर काय आहे, हेही सांगतो. पडद्यावर बाहेरून एखादा हलका तुकडा चिकटवून त्याचे हलणे कमी करता येते. पडद्यात बारीक नळी बसविली तर श्वासाबरोबर होणारी पडद्याची फडफड काहींची थांबते. आवाजाचे घुमणे मात्र त्याने सहसा जात नाही. जपानात सेंदाई येथील कोबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली सिलिकॉनच्या बुचाची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. पडद्यातून वाट काढून कानाच्या बाजूने नळीत ते बारीक बूच बसवितात. अमेरिकेत पो या शल्यवैद्याने 2007 साली नळीच्या तोंडाशी कूर्चा वगैरे भरून तिची भिंत पुन्हा उभी करण्याची रीत मांडली. या सर्वांत एकच अडचण आहे. कमी भरले तर भाता चालूच, जास्त भरले तर नळी खरोखरीच बंद, आणि मग पडद्यामागे पाणी साठून बहिरेपणा. निसर्ग अर्ध्या सेकंदात जे उघडमीट करतो, ते बुचाला साधत नाही. म्हणून ज्यांना महिनोन्‌महिने दुसऱ्या कशानेच आराम नाही, त्यांनीच तो रस्ता धरावयाचा.

मला तिथवर जावे लागले नाही. पहिल्या दोन महिन्यांत फरक दिसला नाही, तेव्हा मी खचलो होतो. तिसऱ्या महिन्यात वजन चौसष्टावर गेले आणि सकाळचे तास सुटे झाले. दुपारचा तेवढा धरे. पाचव्या महिन्याच्या शेवटी सदुसष्ट किलो झालो, आणि एक दिवस संध्याकाळी लक्षात आले की आज आपण आपला श्वास ऐकलेलाच नाही.

अजूनही तो कधीमधी येतो. उपवासाच्या दिवशी, उन्हाळ्यात, लागोपाठ दोन तास झाल्यावर कानात टक्‌ होते. मग मी खडू पाडतो, तो उचलायला टेबलाखाली वाकतो, आणि पाचसहा सेकंद तसाच राहून बोलायला सुरुवात करतो. पहिल्या बाकावरच्या मुलांच्या हे ध्यानात आलेले आहे. परवा एकाने खडू पडायच्या आधीच पाण्याचा पेला पुढे केला.